‘भरलेले असेल’: एका दाल मिलच्या करारातील कलम 6

कारंजा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने अकोल्याकडच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली दाल मिल घ्यायचे ठरवले. सभासदांची तूर कच्ची विकण्याऐवजी भरडून डाळ विकायची, असा साधा विचार होता. व्यवहार 18 लाखांचा. 4 लाख इसार, बाकीचे 14 लाख ताबा घेताना. सही 10 डिसेंबरला आणि ताबा 1 मार्चला, म्हणजे नवी तूर घरात येऊन पडलेली असते त्या सुमारास. मिल बसवलेली शेडही कंपनीला भाड्याने मिळणार होती आणि वीजमीटर तिच्या नावावर होणार होते. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तारखा मी थोड्या बदलल्या आहेत. वाक्ये मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण हे प्रकरण वाक्यांचेच आहे.

मसुदा विकणाऱ्याकडून आला. कुठल्यातरी इंग्रजी नमुन्यावरून कोणीतरी मराठीत उतरवलेला होता. कंपनीच्या वतीने तो मी वाचला. किंमत, तारखा, यंत्रांची यादी, इसार परतीचे कलम हे सगळे नीट तपासले. कलम 6 असे होते:

“लिहून देणार असे निवेदन करतात व हमी देतात की, सदर यंत्रसामग्री त्यांच्या मालकीची असून तीवर कोणाचाही बोजा नाही व राहणार नाही, ती चालू स्थितीत असेल, तिची देखभाल वेळोवेळी केली जाते, आणि ताब्यापूर्वीचे सर्व वीजबिल भरलेले असेल.”

ग्रामपंचायतीच्या खोलीत संचालकांसमोर मसुद्याचे वाचन झाले तेव्हा कंपनीच्या एक संचालिका, ज्यांना सगळे काकू म्हणतात, मध्येच बोलल्या. “वकीलसाहेब, बिल भरलेलं असन म्हंजे? भरलं हाय का नाई, ते नक्की सांगा ना.” मी त्यांना म्हणालो, “काकू, कागदाची भाषा अशीच असते.” पुढचे कलम वाचायला घेतले. त्या गप्प बसल्या. त्या दिवशी त्या एका शब्दावर मी थांबायला हवे होते. अडीच महिन्यांनी त्याच शब्दाने आम्हाला अडवले.

1 मार्चला ट्रॅक्टर, क्रेन आणि माणसे घेऊन कंपनीचे लोक मिलवर गेले. तिथे तीन गोष्टी एकामागोमाग समोर आल्या. मालकाने 20 जानेवारीला एका बँकेकडून 6 लाखांचे कर्ज उचलले होते आणि मिलची यंत्रे तारण दिली होती. बँकेची पाटी भिंतीवर लावलेली होती, म्हणून कळले. दुसरे, वीजबिलाची थकबाकी 1,12,000 रुपये होती आणि ती भरल्याशिवाय मीटर नावावर होणार नव्हते. तिसरे, एमरी रोलरचा थर इतका झिजला होता की तुरीची साल निघत नव्हती, दाणा नुसता फुटत होता. नवा थर बसवायला 38,000 रुपये लागतील असे मिस्त्रीने सांगितले.

कंपनीच्या अध्यक्षांनी कलम 6 काढून दाखवले. समोरच्या वकिलांनीही तेच कलम काढले. दोघेही तेच वाक्य वाचत होते आणि दोघांनाही त्यात आपापला अर्थ सापडत होता.

आधी कलमाच्या तोंडची क्रियापदे पाहू. ‘निवेदन करतात व हमी देतात’ या दोन शब्दांच्या मागे भारतीय कायद्यात दोन वेगळ्या वाटा आहेत. निवेदन म्हणजे वस्तुस्थितीबद्दलचे कथन, ज्यावर विसंबून समोरचा सही करतो. ते खोटे निघाले तर भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 18 आणि 19 लागते, आणि फसलेल्या पक्षाला करार रद्द करवून घेता येतो. हमी ही मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 12 मधली गोष्ट आहे. ती मुख्य उद्देशाला जोडून आलेली दुय्यम तरतूद असते. ती मोडली तर नुकसानभरपाई मिळते, पण माल नाकारण्याचा हक्क मिळत नाही. या दोघांशिवाय तिसरा प्रकार कबुलीचा: सहीनंतर मी अमुक करीन, अमुक करणार नाही. तिचा भंग झाला की करार अधिनियमाच्या कलम 73 खाली भरपाई. आमच्या कलम 6 मध्ये कबुल्याही होत्या, पण तोंडाशी ‘कबूल करतात’ हा शब्द नव्हता. म्हणजे कबुली निवेदनाचे कपडे घालून बसली होती.

आता काळ पाहू. निवेदन वर्तमानकाळातच करता येते, कारण जे अजून घडलेच नाही ते खरे किंवा खोटे असू शकत नाही. ‘बोजा नाही’ हे 10 डिसेंबरचे कथन आहे आणि त्या दिवशी ते खरे होते. बोजा 20 जानेवारीला आला. समोरच्या वकिलांचे पहिले म्हणणे हेच होते, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सहीच्या दिवशी खरे असलेले वाक्य नंतर परिस्थिती बदलली म्हणून मागच्या तारखेने खोटे होत नाही.

मग आम्ही ‘व राहणार नाही’ या शब्दांकडे गेलो. मला वाटत होते की यात पुढचे वचन आहे. त्यांनी शांतपणे विचारले, “बोजा राहणार नाही याचा मराठीत अर्थ काय होतो? घरात पाहुणे राहणार नाहीत म्हणजे आज आहेत, पण जातील. माझा पक्षकार म्हणतोय, तुमच्या 14 लाखांतून बँक फेडतो, बोजा राहणार नाही. यात करारभंग कुठे आहे?” हे ऐकून मी खरोखर हादरलो, कारण मराठी म्हणून त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ‘राहणे’ या क्रियापदात आधीपासून असण्याची छटा आहे. जे आज नाही ते निर्माण होऊ नये, असे सांगायचे असेल तर ‘निर्माण करणार नाहीत’ असे लिहावे लागते, आणि त्या वाक्याला कर्ता लागतो. ‘बोजा राहणार नाही’ या वाक्यात कर्ता बोजा आहे. वचन देणारा माणूस त्यात कुठेच नाही.

मूळ इंग्रजी नमुन्यात बहुधा ‘आहे आणि असेल’ अशा अर्थाची जोडी असावी, आणि ती उतरवताना हे झाले असावे. ‘आहे व राहील’, ‘नाही व राहणार नाही’ या जोड्या आपल्याकडच्या दस्तांत इतक्या रुळल्या आहेत की त्या वाचताना कान थांबत नाही. या जोडीत अर्धे वाक्य एका दिवसाबद्दलचे कथन असते आणि अर्धे न संपणारे भाकीत. त्या भाकिताला ना सुरुवात ना शेवट. सहीपासून ताब्यापर्यंत? ताब्यानंतरही? कायमचे? दस्त सांगत नाही.

कायद्याने इथे थोडी पोकळी भरून काढली, तेवढेच. मालविक्री अधिनियमाचे कलम 14 वाचताना मला नेहमी वाटते की काळाचे भान कसे ठेवावे हे त्याच्या मसुदाकाराला नेमके माहीत होते. ते म्हणते की विक्री असेल तर विकणाऱ्याला माल विकण्याचा हक्क ‘आहे’, आणि विक्रीचा नुसता करार असेल तर मालकी जेव्हा हस्तांतरित होईल त्या वेळी त्याला तो हक्क ‘असेल’, अशी गर्भित अट समजली जाते. एकाच हक्कासाठी दोन काळ, आणि दोन्हींचा क्षण ठरलेला. त्याच कलमात पुढे असेही आहे की खरेदीदाराला न सांगितलेला किंवा त्याला माहीत नसलेला तिसऱ्याचा बोजा मालावर नसेल, अशी गर्भित हमी असते. ती आमच्या कामाची होती. पण ती हमी आहे, अट नाही. म्हणजे भरपाई मागता आली असती, पण मिल नाकारून 4 लाख परत घेऊन उठून येण्याची वाट त्यावरून निघत नव्हती. कंपनीच्या सभासदांना तेव्हा तेच हवे होते.

एक गोष्ट आमच्या हाती लागली. बँकेच्या मंजुरीपत्रात कर्जाच्या अर्जाची तारीख 2 डिसेंबर होती. म्हणजे सही करताना मालकाचा अर्ज बँकेत पडलेला होता. करार अधिनियमाच्या कलम 17 मध्ये कपटाच्या ज्या जाती सांगितल्या आहेत त्यांतली तिसरी अशी की, पाळण्याचा इरादा नसताना दिलेले वचन हेही कपट. भविष्यकाळातले वाक्य या एका जागी वर्तमानाचे कथन ठरते, कारण वचन देताना इरादा होता की नव्हता ही त्या दिवसाचीच वस्तुस्थिती असते. आमच्या कलमात ‘लिहून देणार यंत्रांवर बोजा निर्माण करणार नाहीत’ असे स्पष्ट वाक्य असते तर 2 डिसेंबरचा तो अर्ज दाखवून मी सरळ कलम 17 वर उभा राहिलो असतो. पण वचन दिले होते हेच आधी सिद्ध करायचे, तेही ‘राहणार नाही’ या शब्दांतून. पाया मातीचाच होता. तरी तारखेचा उपयोग झाला. ती दाखवल्यावर समोरची बाजू बोलणी करायला तयार झाली.

आता ‘असेल’कडे येतो. मराठीत ‘असेल’ हे रूप भविष्यकाळाचे दिसते, पण रोजच्या बोलण्यात ते बहुतेक वेळा अंदाजाचे असते. “दार कोण वाजवतंय?” “पोस्टमन असेल.” “तो जेवला का?” “जेवला असेल.” यात उद्याबद्दल काहीच नाही. बोलणारा आजचीच गोष्ट सांगतो आहे, फक्त त्याला खात्री नाही. आपल्या वऱ्हाडीत तर ‘असन’ म्हटले की हात झटकल्यासारखेच वाटते. क्रियापदाच्या ‘-लेला, -लेली, -लेले’ रूपाला ‘असेल’ जोडले की हा अंदाज आणखी दाट होतो. ‘वीजबिल भरलेले असेल’ हे वाक्य कानाला असे ऐकू येते: भरले असावे बुवा, बघा. ताब्याच्या दिवशी बिल भरून झालेले पाहिजे, असा अर्थ इंग्रजी वळणावरून त्यात घालता येतो. पण मराठी वाचणाऱ्याला तो आपसूक मिळत नाही. काकूंना तो मिळाला नव्हता. त्यांनी वाक्य जसे आहे तसे ऐकले आणि बरोबर प्रश्न विचारला.

‘चालू स्थितीत असेल’चेही तेच. समोरच्या बाजूने मात्र अंदाजाचा मुद्दा घेतला नाही, त्यांना त्याची गरजच पडली नाही. ते म्हणाले, असेल म्हणजे कधी? ताब्यानंतर वर्षभर? तसे असेल तर ही वस्तुस्थितीची हमी नाही, नुसती अपेक्षा आहे. आणि ताब्याच्या दिवशी? मोटर सुरू होते, रोलर फिरतो, म्हणजे मिल चालू आहे.

वीजबिलाच्या बाबतीत मी थकबाकीचा महिन्यावार तक्ता मागवला. 1,12,000 पैकी 70,000 रुपये 10 डिसेंबरच्या आधीचे निघाले. म्हणजे कलमात ‘सहीच्या दिवसापर्यंतची वीजबिले भरलेली आहेत’ एवढे साधे वर्तमानकाळातले वाक्य मागितले असते, तर मालकाला सही करतानाच थांबावे लागले असते. खोटे लिहून दिले असते तर ते सरळ गैरनिवेदन ठरले असते. ‘असेल’ने त्याची ती अडचण दूर केली. चुकीच्या काळाचे मोठे नुकसान मला इथे दिसते. वाद लागल्यावर अर्थ धूसर होतो हे खरेच, पण त्याआधी, सहीच्या टेबलावर, जो प्रश्न विचारला गेला असता तो विचारलाच जात नाही.

काळावरून आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे भंग कोणत्या दिवशी झाला. करारभंगाच्या भरपाईसाठी मुदतीच्या कायद्यात साधारणपणे भंगापासून 3 वर्षे असतात. ‘भरलेली आहेत’ हे वाक्य खोटे असेल तर भंग 10 डिसेंबरला. ‘ताब्यापर्यंत भरतील’ याचा भंग 1 मार्चला. ‘भरलेले असेल’ याचा कधी? आमच्या प्रकरणात मुदतीचा प्रश्न आला नाही, पण तीन महिन्यांऐवजी तीन वर्षांचे अंतर असते तर तोच पहिला प्रश्न झाला असता.

चार बैठका झाल्या. खटला दाखल केला नाही, कारण तूर घरात होती आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिला कीड लागली असती. शेवटी असे ठरले की कंपनीने 14 लाखांतून 6 लाख थेट बँकेला द्यायचे आणि बँकेने बोजा उतरवल्याचे पत्र द्यायचे. थकबाकीचे 1,12,000 कापून कंपनीनेच भरायचे. रोलरचा खर्च निम्मा निम्मा, म्हणजे 19,000 कापायचे. मालकाच्या हाती 6,69,000 पडले. ताबा 9 एप्रिलला मिळाला. तोवर बऱ्याच सभासदांनी गरजेपोटी तूर कच्चीच विकली होती. ते नुकसान कोणत्याच हिशेबात आले नाही.

या तडजोडीचा पुरवणी करार मी लिहिला, आणि कलम 6 मोडून त्याची तीन कलमे केली. लिहिताना जे अडले ते सांगतो.

सुरुवातीला दोन दिवसांना नावे दिली: ‘सहीचा दिवस’ आणि ‘ताब्याचा दिवस’. मग निवेदनांचे कलम. त्यात ‘आहे’, ‘नाही’, ‘झालेले आहे’ यांशिवाय एकही रूप येऊ दिले नाही:

“लिहून देणार सहीच्या दिवशी निवेदन करतात की, यंत्रसामग्री त्यांच्या एकट्याच्या मालकीची आहे. परिशिष्टात नमूद बँकेचा बोजा वगळता तिच्यावर कोणाचाही बोजा नाही. परिशिष्टात नमूद थकबाकी वगळता सहीच्या दिवसापर्यंतची सर्व वीजबिले भरलेली आहेत.”

मग पुढच्या दिवसाचे काय? इंग्रजी करारांत इथे एक वाक्य येते की ही सर्व निवेदने ताब्याच्या दिवशीही खरी असतील. मराठीत उतरवले की पुन्हा ‘असतील’, पुन्हा तोच अंदाज. मी वेगळा मार्ग घेतला. आपल्याकडे ताबा देताना ताबा पावती लिहितातच. त्या पावतीतच निवेदने पुन्हा, त्या दिवसाच्या वर्तमानकाळात, लिहून घ्यायची. म्हणजे करारात भविष्यकाळ फक्त कृतीला लागतो, वस्तुस्थितीला नाही: “लिहून देणार ताब्याच्या दिवशी वरील निवेदने त्या दिवसाच्या स्थितीप्रमाणे ताबा पावतीत लेखी पुन्हा करतील. तशी लेखी निवेदने मिळेपर्यंत उरलेली रक्कम देणे लिहून घेणार यांच्यावर बंधनकारक नाही.” या व्यवस्थेची एक मर्यादा आहे. मालकाने प्रामाणिकपणे पावतीत लिहिले की आता एक नवा बोजा आहे, तर पावती खरी ठरते आणि खरेदीदाराला निवेदनाखाली काही मिळत नाही. म्हणून त्याच्या जोडीला कबुलीचे कलम लागतेच.

कबुलीच्या कलमात मराठीचे एक वेगळे वळण आड येते. होकारार्थी ‘-णार आहे’ म्हणजे बेत. ‘पैसे देणार आहेत’ यात बांधिलकी नाही, ‘देतील’ यात आहे. पण नकारात ही सोय नाही. ‘करतील’चे नकारार्थी रूप ‘करणार नाहीत’ हेच आहे. म्हणून एकाच कलमात ‘भरतील’ आणि ‘निर्माण करणार नाहीत’ अशी दोन दिसायला वेगळी रूपे येतात, आणि ती बरोबर असतात. दिसायला सारखे व्हावे म्हणून कोणी ‘भरणार आहेत’ करून टाकले तर कलमातला जीव जातो. मी हे असे लिहिले:

“लिहून देणार कबूल करतात की, सहीच्या दिवसापासून ताब्याच्या दिवसापर्यंत ते यंत्रसामग्रीवर कोणताही बोजा निर्माण करणार नाहीत, यंत्रे विकणार किंवा हलवणार नाहीत, या काळातील वीजबिले देय तारखेच्या आत भरतील, आणि रोलर व बेअरिंगची देखभाल स्वतःच्या खर्चाने करतील. या कबुलीच्या भंगामुळे कोणी दावा सांगितल्यास त्याची तोशीस लिहून घेणार यांना लागू देणार नाहीत.”

शेवटचे वाक्य मी जुन्या दस्तांतून उचलले. ‘तोशीस लागू देणार नाही’ यात वचन देणारा माणूस आहे, भविष्यकाळ आहे आणि करायची कृती आहे. परक्या नमुन्यावरून उतरवलेल्या वाक्यांपेक्षा ते कितीतरी पक्के आहे. जुने दस्तलेखक प्रथमपुरुषात लिहीत: “मी तुम्हास लिहून देतो की”. तिथे ‘देतो’ हेच वचन असते, जसे बाजारात “उद्या देतो” म्हणतात. आपण दस्त तृतीयपुरुषात आणला आणि ‘लिहून देणार बिल भरतात’ असे लिहिले की ते वचन उरत नाही, ती सवय होते: ते बिल भरत असतात. कलम 6 मधले ‘देखभाल वेळोवेळी केली जाते’ हे असेच सवयीचे वाक्य होते. त्यात कोण करतो हे नव्हते आणि कधीपर्यंत हेही नव्हते. पण मालक म्हणू शकत होता की हो, केली जाते.

हमीचे कलम सगळ्यात अवघड गेले. मिलच्या क्षमतेसाठी ‘-ते’ हे रूप चांगले बसते: “मिल ताशी 4 क्विंटल तूर भरडते.” ‘भरडेल’ म्हटले की पुन्हा भाकीत. पण हमी ताब्याच्या दिवशीची हवी होती, आणि “ताब्याच्या दिवशी मिल भरडते” हे सहीच्या दिवशी लिहिलेले वाक्य मराठी कानाला विचित्र लागते. इथे मी काळाचा नियम ताणला नाही. हमी पावतीत हलवली आणि करारात चाचणी लिहिली: ताब्याच्या दिवशी लिहून देणार लिहून घेणार यांच्या तुरीवर मिल 2 तास चालवून दाखवतील, आणि 8 क्विंटल भरडून झाल्यावर ताबा पावतीत क्षमतेची हमी देतील. रोलरसाठी 12 महिन्यांची वेगळी तरतूद केली, पण ‘रोलर 12 महिने चांगला राहील’ असे लिहिले नाही. ‘12 महिन्यांच्या आत रोलरचा थर सुटल्याचे कळवल्यास लिहून देणार 15 दिवसांत स्वखर्चाने नवा थर बसवून देतील’ असे लिहिले. मथळ्यात तिला हमी म्हटले असले तरी ती खरे तर कबुली आहे. थर सुटला म्हणून भंग होत नाही, 15 दिवसांत बसवून दिला नाही तर होतो. लोकांना मथळ्यात ‘हमी’ हा शब्द हवा होता, म्हणून तो ठेवला. पण फरक संचालकांना समजावून सांगितला, कारण थर सुटल्याच्या दिवशीच पैसे मागायला गेले असते तर ते चुकले असते.

पुरवणी करार लिहून झाल्यावर मी एक तपासणी केली, आणि तेव्हापासून प्रत्येक दस्तात करतो. कलमाच्या तोंडचे क्रियापद कागदावर लिहायचे: निवेदन करतात, हमी देतात, कबूल करतात. मग त्या कलमातली शेवटची क्रियापदे खाली एकाखाली एक उतरवायची. निवेदनाखाली ‘-ईल’ किंवा ‘-णार’ आले तर तिथे कबुली लपलेली आहे, तिला बाहेर काढायचे. कबुलीखाली ‘आहे’ आले तर तिथे निवेदन घुसले आहे. आणि ‘असेल’ जिथे दिसेल तिथे थांबून विचारायचे की हा अंदाज आहे, वचन आहे की एखाद्या ठरलेल्या दिवसाची स्थिती. पहिले असेल तर ते काढून टाकायचे. दुसरे असेल तर करणाऱ्याचे नाव घालून ‘करतील’ लिहायचे. तिसरे असेल तर त्या दिवसाच्या कागदावर ‘आहे’ लिहून घ्यायचे. जुन्या कलम 6 वर हे केले असते तर पाच मिनिटे लागली असती. त्या एका वाक्यात नाही, राहणार नाही, असेल, केली जाते आणि पुन्हा असेल, अशी पाच शेवटे होती, आणि ती सगळी एका ‘निवेदन करतात’खाली कोंबलेली.

9 एप्रिलला ताबा पावती लिहिताना काकू शेजारी बसल्या होत्या. 8 क्विंटलांची चाचणी दोन तासांना दहा मिनिटे कमी असतानाच झाली. वीजबिलाच्या ओळीशी आल्यावर मी लिहिलेले वाचून दाखवले: “आजपर्यंतची सर्व वीजबिले भरलेली आहेत, शेवटच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे.” त्यांनी पावती हातात घेतली, तारीख पाहिली आणि म्हणाल्या, “आता हाय म्हनलं ना, मंग करा सही.”